कॅमेरा जोडला तरी कॉम्प्युटरवर दिसेना, कार्डही वाचेना: स्नेहसंमेलनाचे फोटो अडकलेत

सुमन_खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो शाळेच्या कॅनन १५००डी कॅमेऱ्यात आहेत. ६४ जीबीचं कार्ड आहे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर (विंडोज १०) उतरवून घ्यायला बसले, तर दोन्ही वाटा बंद.

पहिली वाट केबलची. कॅमेऱ्याबरोबर आलेली केबल सापडेना, म्हणून ऑफिसातल्या जुन्या स्पीकरची केबल घेतली. तोंड अगदी बरोबर बसतं. कॅमेरा चालू करून जोडला, पण कॉम्प्युटरवर काहीच होत नाही. ना खिडकी उघडते, ना ड्राइव्ह येतो.

दुसरी वाट कार्ड रीडरची. शाळेत बऱ्याच खाचांचा एक जुना रीडर आहे. त्यात कार्ड घातलं की F: ड्राइव्ह दिसतो, पण उघडायला गेलं की म्हणतं, "Please insert a disk into Removable Disk (F:)". कार्ड तर आतच आहे!

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे फोटो नीट दिसतात. मुलांचे आईवडील रोज फाटकाशी थांबवून विचारतात. कुठून सुरुवात करू?

निपाणीचा_बाळू

बाई, हे अगदी सोपं आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत जा, तिथं "USB Connection" असतं. ते "Mass Storage" वर ठेवा. माझ्या सोनीचं असंच झालं होतं. लॅपटॉपवरून कॅमेरा चालवण्यासाठी मी एकदा "PC Remote" केलं होतं आणि ते तसंच राहून गेलं होतं. "Mass Storage" केल्याबरोबर पेन ड्राइव्हसारखा ड्राइव्ह आला.

सुमन_खानापूर

बाळूदादा, मेनूची सगळी पानं बघितली. त्या नावाचं काहीच नाही हो.

हिंडलगा_किरण

ड्रायव्हर गेलाय. ड्रायव्हर अपडेट करणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, सगळं स्कॅन करून आपोआप टाकतंय. नाहीतर विंडोज नवीन मारून घ्या.

दुरुस्तीवाला_शहापूर

सुमनबाई, थांबा. विंडोज नवीन मारायची काही गरज नाही, आणि ते फुकटचं सॉफ्टवेअर तर शाळेच्या मशीनवर अजिबात घालू नका. कॅमेऱ्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. तो बिघडल्याची खूण दिसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अशी गिऱ्हाइकं माझ्या काउंटरवर नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरच्या अलीकडेच कुठेतरी सापडतो.

बाळूंनी सांगितलं ते सोनीसाठी खरं आहे. कॅननच्या या मॉडेलमध्ये तो पर्याय नसतोच. त्याला एकच रीत ठाऊक, ती म्हणजे कॅमेरा म्हणूनच जोडला जाणं. तो पेन ड्राइव्ह होत नाही.

तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकाच वेळी आलेत असं मला वाटतं, म्हणून ते वेगळे करू. आधी केबल. तीन गोष्टी बघून सांगा.

एक, स्पीकरचा आवाज मोठा ठेवून केबल जोडा. जोडताना विंडोजचा "टिंग टुंग" आवाज येतो का?

दोन, विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबा आणि हे टाइप करा:

```
devmgmt.msc
```

जी यादी उघडेल ती समोर ठेवून केबल काढा, पुन्हा घाला. यादी क्षणभर लुकलुकते का? "Portable Devices" खाली कॅमेऱ्याचं नाव येतं का? की कुठे "Unknown USB Device" आणि पिवळा त्रिकोण येतो?

तीन, दुसरं एखादं जुनं, कमी जीबीचं कार्ड शाळेत आहे का? ते रीडरसाठी लागेल.

सुमन_खानापूर

आवाज नाही. यादी जागची हलतसुद्धा नाही. केबल काढली काय, घातली काय, काही फरक नाही. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातलं २ जीबीचं कार्ड कपाटात आहे, उद्या बघते.

दुरुस्तीवाला_शहापूर

मग केबलवर माझा पहिला संशय. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन करंटच्या, दोन माहितीच्या. स्पीकर, टॉर्च, ट्रिमर यांच्यासोबत येणाऱ्या केबलमध्ये पुष्कळदा फक्त करंटच्या दोनच तारा असतात. बाहेरून ओळखता येत नाही, तोंड तेच असतं. अशा केबलने कॅमेरा जोडला की कॉम्प्युटरला काही जोडलंय याचा पत्ताच लागत नाही. यादी हलत नाही ती त्यामुळे.

मोबाइलला अशी केबल लावली तर निदान चार्जिंगची खूण तरी दिसते. तुमच्या १५००डीची बॅटरी यूएसबीने चार्ज होत नाही, तिचा चार्जर वेगळा. म्हणून कॅमेऱ्यावरही काही दिसत नाही आणि माणूस समजतो की कॅमेऱ्याचं पोर्टच गेलं.

केबल अर्धवट तुटलेली असेल, किंवा पोर्ट सैल असेल, तर चित्र वेगळं असतं. तेव्हा यादीत "Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)" असं येतं. म्हणजे काहीतरी जोडलंय एवढं कळलं, पण बोलणं पुरं झालं नाही. तुमच्याकडे तेही नाही. पूर्ण शांतता आहे.

या कॅमेऱ्याला मिनी यूएसबी लागते, मोबाइलची मायक्रो नाही. जुन्या पोर्टेबल हार्ड डिस्कला तीच केबल असते आणि तिच्यात माहितीच्या तारा असतातच. शाळेत कुणाकडे तशी हार्ड डिस्क असेल तर तिची केबल मागून आणा. आधी त्याच केबलने हार्ड डिस्क कॉम्प्युटरवर दिसते का बघा. दिसली तर केबल चांगली. मग तीच कॅमेऱ्याला लावा, आणि कॅबिनेटच्या पुढच्या नाही, मागच्या पोर्टमध्ये लावा. पुढची पोर्ट आत एका वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात, जुन्या मशीनमध्ये ती वायर सैल झालेली असते.

वैशाली_चिकोडी

माझंपण हेच चाललंय! माझा मोबाइल लॅपटॉपला जोडला तर फक्त चार्ज होतोय, फोटो दिसत नाहीत. गॅलरीतले फोटो कसे काढायचे?

निपाणीचा_बाळू

अक्का, इथं कॅमेऱ्याचं चाललंय.

दुरुस्तीवाला_शहापूर

असू दे बाळू, कारण एकाच घरचं निघू शकतं. वैशालीताई, चार्ज होतोय म्हणजे करंटच्या तारा तरी ठीक आहेत. केबल जोडल्यावर मोबाइलवर वरून खाली बोट ओढा, तिथं "Charging this device via USB" अशा अर्थाची सूचना असेल. तिच्यावर दाबून "File transfer" निवडा. अँड्रॉइड मोबाइल आपणहून फक्त चार्जिंगवर राहतो, तुम्ही परवानगी दिल्याशिवाय फोटो दाखवत नाही. तो पर्यायच येत नसेल तर केबल बदला.

वैशाली_चिकोडी

"File transfer" आलं, निवडलं. मोबाइल म्हणतोय चालू आहे, पण लॅपटॉपवर काहीच नाही. हीच केबल लावून भावाच्या लॅपटॉपवर दिसतंय.

दुरुस्तीवाला_शहापूर

मग केबल आणि मोबाइल दोन्ही सुटले, दोष तुमच्या लॅपटॉपमध्ये. विंडोज + R दाबून `winver` टाइप करा आणि जे नाव येईल ते अक्षर न् अक्षर इथं लिहा.

वैशाली_चिकोडी

"Windows 10 Pro N" असं आहे. लॅपटॉप जुना घेतला, दुकानदारानंच विंडोज घालून दिलं होतं.

दुरुस्तीवाला_शहापूर

तो शेवटचा N बघा. युरोपसाठी काढलेली ही आवृत्ती. तिच्यात मीडियाचे भाग मुद्दाम वगळलेले असतात आणि त्याबरोबर मोबाइल आणि कॅमेरा ओळखणारा भागही जातो. ड्रायव्हरवाली खरी केस म्हणाल तर ही. Settings, मग Apps, मग "Optional features" मध्ये जाऊन "Add a feature" दाबा, "Media Feature Pack" शोधून घाला आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. इंटरनेट लागेल.

तोवर घाई असेल आणि मोबाइलमध्ये मेमरी कार्ड असेल, तर कार्ड काढून रीडरमधून लावा. कार्ड साधा ड्राइव्ह म्हणून उघडतं, त्याला हा भाग लागत नाही. फक्त मोबाइलच्या आतल्या मेमरीतले फोटो तसे निघणार नाहीत.

सुमन_खानापूर

आमच्या हेडसरांकडे जुनी हार्ड डिस्क निघाली. तिच्या केबलने हार्ड डिस्क मागच्या पोर्टवर लगेच दिसली. मग तीच केबल कॅमेऱ्याला लावली. तरी आवाज नाही आणि यादीही तशीच. आता कॅमेऱ्याचं पोर्ट गेलं म्हणायचं का?

हिंडलगा_किरण

मी म्हणत होतो. ड्रायव्हर.

दुरुस्तीवाला_शहापूर

किरण, ड्रायव्हर नसला तरी विंडोजला काहीतरी जोडलंय एवढं कळतंच. यादीत पिवळ्या त्रिकोणाची ओळ यायला हवी होती. इथं ओळच नाही, म्हणजे कॅमेराच पुढं यायला तयार नाही.

बाई, पोर्ट गेलं म्हणायच्या आधी एक सांगा. या कॅमेऱ्यावरून कुणी मोबाइलवर फोटो घेतले होते का? वाय-फायनं?

सुमन_खानापूर

हो! कार्यक्रमाच्या संध्याकाळी आमच्या एका सरांनी व्हॉट्सॲपवर टाकायला थोडे फोटो मोबाइलवर घेतले होते.

दुरुस्तीवाला_शहापूर

मग सापडलं असं वाटतंय. या मॉडेलमध्ये वाय-फाय चालू असलं की केबलचं संभाषण कॅमेरा बंद ठेवतो. कंपनीनं तसंच केलंय, माहितीपुस्तिकेतही लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका कोण उघडतं. कॅमेऱ्यावर MENU दाबा, पान्याच्या चिन्हाच्या टॅबमध्ये "Wi-Fi/NFC" शोधा आणि "Disable" करा. त्याच टॅबमध्ये "Auto power off" आहे, ते सध्यापुरतं जास्तीत जास्त मिनिटांवर ठेवा. मग कॅमेरा बंद करून केबल लावा आणि चालू करा. बॅटरी भरलेली घ्या.

सुमन_खानापूर

आवाज आला!! "टिंग टुंग" झालं आणि यादीत "Portable Devices" खाली "Canon EOS 1500D" आलं. पण "This PC" मध्ये नवीन ड्राइव्ह काही आला नाही. C:, D: आणि तो रिकामा F: एवढेच.

दुरुस्तीवाला_शहापूर

इथं पुष्कळ लोक फसतात. कॅमेरा म्हणून जोडलेल्या यंत्राला विंडोज अक्षर देत नाही. G:, H: शोधत बसाल तर कधीच सापडणार नाही. "This PC" मध्ये त्याच खिडकीत कॅमेऱ्याचं छोटं चित्र आणि "Canon EOS 1500D" असं नाव दिसेल. ते उघडा, आत कार्डाचं चिन्ह, मग DCIM, मग 100CANON असा फोल्डर असेल. फोटो जास्त असतील तर पुढच्या नंबरचे फोल्डरही असतील, तेही बघा.

आता फोटो निवडून कॉपी करा आणि डेस्कटॉपवर नवीन फोल्डरमध्ये पेस्ट करा. "Cut" वापरू नका. मधेच केबल हलली तर कुठला फोटो कुठे गेला हे शोधणं कठीण होतं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे Ctrl + A करून खालच्या पट्टीवर आकडा बघा. जुळला, आणि अधूनमधून काही फोटो कॉम्प्युटरवर उघडून बघितलेत, की झालं. कार्ड पुसायचं असेल तर ते नंतर, कॅमेऱ्यातूनच.

अथणी_स्टुडिओ

मी लग्नाचे फोटो काढतो. बाईंच्या रीडरसारखंच माझं झालंय. स्टुडिओत जुना एक्सपीवाला कॉम्प्युटर आहे, प्रिंटर त्यालाच जोडलाय म्हणून ठेवलाय. ६४ जीबीचं कार्ड रीडरमध्ये घातलं की विचारतं, "The disk in drive G is not formatted. Do you want to format it now?" कार्डातले फोटो पार्टीला द्यायचेत. Yes दाबू का?

दुरुस्तीवाला_शहापूर

नको, अण्णा! No दाबा आणि कार्ड बाहेर काढा. ते Yes दाबलं की फोटोंची यादी पुसली जाते आणि पार्टीला द्यायला काही उरत नाही.

तुमचं आणि बाईंचं सारखं दिसतं, पण उलटं आहे. दोन्ही संदेश शेजारी ठेवून बघा. बाईंचा रीडर म्हणतो "डिस्क घाला". म्हणजे रीडर जागेवर आहे, पण आत कार्ड आहे हेच त्याला कळलेलं नाही. तुमचा म्हणतो "डिस्क फॉरमॅट केलेली नाही". म्हणजे कार्ड कळलंय, वाचलंय, पण त्यावर ज्या पद्धतीनं लिहिलंय ती विंडोजला येत नाही.

६४ जीबीच्या कार्डावर कॅमेरा exFAT पद्धतीनं लिहितो. एक्सपीला ती मुळात येत नाही, मायक्रोसॉफ्टचं KB955704 हे अपडेट घातलं तरच येते. ३२ जीबीपर्यंतची कार्डं FAT32 वर असतात, ती एक्सपीला येतात. म्हणून तुमची जुनी कार्डं चालत असतील आणि हे नवीन चालत नसेल. बरोबर?

अथणी_स्टुडिओ

अगदी बरोबर! १६ आणि ३२ चालायलीत. हे ६४ परवाच घेतलं.

दुरुस्तीवाला_शहापूर

मग ते कार्ड विंडोज ७ किंवा त्यापुढच्या मशीनवर लावा, त्यांना exFAT येते. फोटो पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक्सपीवर न्या. पेन ड्राइव्ह FAT32 असू दे.

नवीन मशीनवरही फॉरमॅटचंच विचारलं, तर मात्र प्रकरण वेगळं. कार्डाची यादी बिघडलीय असं समजा. तेव्हा त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका, आणि फोटो बाहेर काढल्याशिवाय chkdsk चालवू नका. ते दुरुस्त करायच्या नादात फाइलींचे तुकडे करून ठेवतं.

सुमन_खानापूर

फोटो उतरायला लागलेत! एकदा मधेच थांबलं होतं, कॅमेरा झोपला होता. "Auto power off" वाढवायचं राहिलं होतं, ते केल्यावर पुन्हा थांबलं नाही.

आणि ते २ जीबीचं जुनं कार्ड रीडरमध्ये घातलं, तर लगेच उघडलं. त्यातले फार जुने सहलीचे फोटोपण सापडले, राजहंसगडावरचे. म्हणजे रीडर चांगला आहे ना? मग ६४ चं कार्ड खराब का?

दुरुस्तीवाला_शहापूर

दोन्ही चांगले आहेत, पण त्यांच्या पिढ्या वेगळ्या. साध्या एसडी कार्डाची मजल २ जीबीपर्यंतच असायची. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ते ३२ जीबीपर्यंत. त्यात जागेचा हिशेब ठेवायची रीतच बदलली. २००९ मध्ये एसडीएक्ससी आलं, ते त्याच्या वर. तुमचा रीडर एसडीएचसीच्या आधीचा असणार. त्याला नवीन कार्डाची भाषा येत नाही, म्हणून खाच रिकामी आहे असं तो समजतो. कितीही पुसलं, हलवलं तरी तो ते वाचणार नाही, आणि ड्रायव्हर बदलूनही उपयोग नाही.

खात्री करायची असेल तर अथणीच्या अण्णांसारखं ३२ जीबीचं कार्ड लावून बघा. तेही "डिस्क घाला" म्हणालं की रीडरचाच प्रश्न. नवीन रीडर घेताना त्यावर SDXC हा शिक्का बघून घ्या.

निपाणीचा_बाळू

कार्डाच्या बाजूला ती छोटी लॉकची पट्टी असते, ती खाली सरकली असली तरी दिसत नाही ना कार्ड?

दुरुस्तीवाला_शहापूर

दिसतं. त्या पट्टीनं फक्त लिहिणं आणि पुसणं अडतं, वाचणं नाही. उलट फोटो उतरवताना ती लॉकवर ठेवलेली बरी, चुकून काही पुसलं जात नाही. कॅमेऱ्यात परत घालताना मात्र उघडा, नाहीतर कॅमेरा फोटो काढू देणार नाही.

हिंडलगा_किरण

मग ड्रायव्हर कधी बघायचा? माझ्या मामाच्या मशीनवर यादीत कॅमेऱ्याच्या नावापुढं पिवळा त्रिकोण येतोय.

दुरुस्तीवाला_शहापूर

हा प्रश्न बरोबर आहे. नाव आलं आणि त्यावर पिवळा त्रिकोण आला, तर बघायचा. त्या ओळीवर उजवं क्लिक, "Uninstall device", केबल काढा, मशीन रीस्टार्ट करा, पुन्हा जोडा. विंडोज आपला ड्रायव्हर परत बसवतो. तरीही त्रिकोण राहिला तर ओळीवर दोनदा क्लिक करून "Device status" मध्ये जो कोड दिसतो तो इथं लिही. तो बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही. तिथंही `winver` मध्ये N आहे का बघ.

वैशाली_चिकोडी

ते "Media Feature Pack" सापडलं. घालायला लावलंय, पण नेट हळू आहे, अजून उतरतंय. झालं की कळवते.

अथणी_स्टुडिओ

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात विंडोज १० आहे, तिथं कार्ड लावलं. तिथंही फॉरमॅट करायचंच विचारतंय. No दाबून काढलं. आता काय?

दुरुस्तीवाला_शहापूर

कार्ड तेव्हा कॅमेऱ्यात घालून बघितलंत का? कॅमेऱ्यावर फोटो दिसतात का? दिसत असतील तर आधी कॅमेऱ्यालाच केबल लावून उतरवून घ्या, कॅमेऱ्याला आपली यादी कधीकधी वाचता येते.

अथणी_स्टुडिओ

कॅमेरा "कार्ड वाचता येत नाही" अशा अर्थाचं इंग्रजीत दाखवतोय. एक्सपीवर पहिल्यांदा विचारलं तेव्हा आमच्या पोरानं एकदा Yes दाबलं होतं म्हणे, मग घाबरून मधेच कार्ड उपसलं. मला आत्ता सांगितलं.

दुरुस्तीवाला_शहापूर

पोराला रागावू नका, सांगितलं ते बरं झालं. आता त्या कार्डाला कॅमेऱ्यात घालू नका आणि कुठंच फॉरमॅट करू नका. फॉरमॅट मधेच थांबलं असेल तर फोटोंचा बराच भाग अजून आत असू शकतो. PhotoRec नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, तो यादीकडं न बघता सरळ कार्डावरचे फोटो शोधतो. विंडोज १० वर चालवा, आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर नाही, कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठवा. फाइलींची मूळ नावं आणि फोल्डर मिळणार नाहीत, आणि काही फोटो अर्धवट उघडतील. किती हाती लागतील हे आत्ता सांगता येत नाही, ते एक्सपीनं किती पुसलं त्यावर आहे.

जमत नसेल तर कार्ड घेऊन बेळगावला या. पण येईपर्यंत ते कुठल्याच मशीनला लावू नका.

सुमन_खानापूर

सगळे फोटो आले, दोन्हीकडचा आकडा जुळला, काही उघडून पाहिले. जुन्या स्पीकरच्या केबलला चिठ्ठी बांधून ठेवलीय, "फक्त चार्जिंग". आता वाय-फाय पुन्हा चालू केलं तर चालेल ना? आमच्या सरांना लागतं.

दुरुस्तीवाला_शहापूर

चालेल. फक्त केबल लावायच्या आधी बंद करा.